कार्डावर आहे तेच लिहा: लसीकरणाच्या नोंदीचं भाषांतर

माझी मुलगी ५ सप्टेंबर २०१९ ची. माझं बाळंतपण माहेरी झालं, त्यामुळे तिच्या लसींचं कार्ड तिकडच्या उपकेंद्राचं आणि मराठीत आहे. पुढे चिंचवडला आल्यावर काही लसी खाजगी बालरोगतज्ज्ञांकडे झाल्या आणि काही पुन्हा माहेरी गेले तेव्हा. ऑगस्टअखेर आम्ही न्यू जर्सीला जातोय. तिथल्या शाळेने लसीकरणाच्या नोंदीचं इंग्रजी भाषांतर मागितलंय. एका एजन्सीवाल्याने कार्ड पाहून सांगितलं, "मॅडम, गोवरच्या जागी एमएमआर टाकतो आणि त्यांच्या तक्त्यात सगळं पूर्ण करून देतो, शाळा काही बघत नाही." हे बरोबर आहे का? मी स्वतः भाषांतर केलं तर चालेल का? कार्डावर मुलीच्या नावाची जागा कोरी आहे, नुसतं "सौ. … यांची मुलगी" आहे. आणि आईच्या वहीत दोन ठिकाणी नुसतं "कावीळ लस" असं लिहिलंय, ती कुठली?
— एक आई, चिंचवड

ताई, त्या एजन्सीवाल्याला नमस्कार करा आणि कार्ड परत घेऊन या. "शाळा काही बघत नाही" हे तर साफ चूक. तिथे शाळेत नर्स असते आणि तुमचा कागद तिच्याच टेबलावर जातो. ती एकेक तारीख मुलीच्या जन्मतारखेशी ताडून बघते. आणि गंमत म्हणजे तुम्ही पत्रासोबत कार्डाचे जे फोटो पाठवलेत त्यावरून गोवरच्या बाबतीत तुमच्या मुलीचं काहीच अडत नाही. तो जे खोटं लिहायला निघाला होता त्याची गरजच नव्हती. ते पुढे तारखांसकट दाखवते.

आधी नावाचं बघू, कारण त्याला वेळ लागतो. आपल्याकडे माता-बाल संरक्षण कार्ड गरोदरपणातच आईच्या नावाने निघतं. पहिल्या लसी होतात तेव्हा बारसंही झालेलं नसतं. मग सिस्टर "यांची मुलगी" लिहितात आणि पुढे नाव घालायचं राहूनच जातं. इकडे कुणाला त्याचं काही वाटत नाही, पण परदेशातल्या नर्सच्या हातात असतो एक पासपोर्ट आणि दुसरं एक कार्ड, ज्यावर त्या पासपोर्टातलं नावच नाही. वर माहेरचं कार्ड असल्याने आईचं नावही माहेरच्या आडनावाचं. अशा वेळी घरचं पेन काढून नाव भरायचा मोह होतो. ते करू नका. सहा वर्षांपूर्वीच्या फिकट शाईत कालची निळी शाई लगेच कळते आणि मग बाकीच्या खऱ्या नोंदींवरही शंका येते. भाषांतर करणाऱ्यानेही ते नाव आपणहून घालायचं नसतं. कार्डावर जागा कोरी असेल तर भाषांतरात "कोरे" असंच येतं.

उपाय साधा आहे. ते उपकेंद्र ज्या प्राथमिक आरोग्य केंद्राखाली येतं तिथे जन्मदाखला, तुमचं आधार आणि लग्नाचा दाखला घेऊन जा. लसीकरणाच्या नोंदी कार्डासोबत त्यांच्या रजिस्टरमध्येही असतात. वैद्यकीय अधिकाऱ्यांकडून दोन ओळींचं पत्र घ्या, की अमुक कार्ड क्रमांकाची, अमुक मातेची, ५ सप्टेंबर २०१९ ला जन्मलेली मुलगी म्हणजेच अमुक नावाची मुलगी. सही, गोल शिक्का, तारीख. पत्र इंग्रजीत मिळालं तर एक भाषांतर वाचेल. फोनवर काम होईल असं समजू नका, स्वतः जा किंवा भावाला पाठवा. आणि ज्या दिवशी लसीकरणाचं सत्र असतं त्या दिवशी जाऊ नका, सिस्टरना मान वर करायला फुरसत नसते.

आता तारखा. माझ्याकडे येणाऱ्या दहा कागदांपैकी निम्म्यांची अडचण शब्दांची नसते, तारखांचीच असते. आपण दिवस आधी लिहितो, अमेरिकेत महिना आधी. दिवस बाराच्या पुढचा असेल तर वाचणारा अडखळतो आणि नीट वाचतो. बारा किंवा त्याच्या आतला असला तर तो अडखळतच नाही, बिनदिक्कत चुकीचं वाचतो.

तुमच्या मुलीच्या गोवरच्या तीन नोंदी बघा. उपकेंद्रातला गोवर-रुबेलाचा पहिला डोस ११/०६/२०२०, म्हणजे ११ जून, नऊ महिने पूर्ण झाल्यावर लगेच. मग चिंचवडच्या फाइलमध्ये एमएमआर, म्हणजे गोवर-गालगुंड-रुबेला, ०७/१२/२०२०, म्हणजे ७ डिसेंबर, पंधरा महिन्यांची असताना. आणि पुन्हा उपकेंद्रात गोवर-रुबेलाचा दुसरा डोस १८/०३/२०२१.

न्यू जर्सीच्या शाळेला या वयाच्या मुलाकडून गोवरचे दोन डोस, गालगुंडाचा एक आणि रुबेलाचा एक लागतो, आणि हे डोस पहिल्या वाढदिवसानंतरचे असावे लागतात. आपला नऊ महिन्यांचा डोस तिथे धरत नाहीत. कारण समजण्यासारखं आहे. आईकडून आलेल्या प्रतिपिंडांचा अंश त्या वयात बाळाच्या रक्तात उरलेला असू शकतो आणि तो लशीला नीट लागू देत नाही. आपल्याकडे गोवराचा धोका लहान वयातच जास्त असल्याने नऊ महिन्यांचा डोस देणं शहाणपणाचं ठरलं आणि पुढे दुसरा देऊन ती कसर भरली जाते. दोन्ही देश आपापल्या जागी बरोबर आहेत.

म्हणजे जूनचा डोस बाजूला ठेवला, तरी ७ डिसेंबर आणि १८ मार्च हे दोन्ही डोस वाढदिवसानंतरचे आहेत आणि त्यांत तीन महिन्यांहून जास्त अंतर आहे. गोवर दोन, रुबेला दोन, आणि एमएमआरमधून गालगुंड एक. शाळेचा नियम पुरा झाला.

पण हेच आकडे तसेच टाइप केले तर काय होतं? ०७/१२/२०२० चं अमेरिकन वाचन १२ जुलै. तेव्हा मुलगी दहा महिन्यांची, म्हणून डोस बाद. तिच्याकडे गालगुंडाची लस फक्त या एकाच डोसात होती, म्हणून गालगुंडाचा रकानाही रिकामा. उलट ११/०६/२०२० चं होतं ६ नोव्हेंबर, म्हणजे जो डोस धरायचा नाही तो धरला जाणार. खरा डोस गेला आणि न चालणारा आला, आणि सगळं एका तिरक्या रेघेपायी. म्हणून भाषांतरात महिना नेहमी अक्षरांत लिहायचा. या तीन ओळी अशा येतील:

```
11 JUN 2020   MR (measles-rubella), dose 1
07 DEC 2020   MMR (measles-mumps-rubella)
18 MAR 2021   MR (measles-rubella), dose 2
```

बघा, एमआर एमआरच राहिलं आणि एमएमआर एमएमआर. एजन्सीवाला तिन्ही ठिकाणी एमएमआर लिहिणार होता. तसं केलं असतं तर गालगुंडाची लस तिला तीनदा टोचल्याचं कागदावर आलं असतं. सरकारी कार्यक्रमात गालगुंडाची लस दिलीच जात नाही, हे भारतातली मुलं नेहमी बघणाऱ्या कुठल्याही डॉक्टरला ठाऊक असतं. तिथे एका ओळीवरचा विश्वास उडाला की सगळी पानं संशयात येतात.

तारखांची आणखी एक भानगड कार्डावरच असते. प्रत्येक लशीसमोर "दिल्याची तारीख" असते आणि कुठेतरी "पुढील तारीख" पण असते, बऱ्याचदा पेन्सिलीने. तुमच्या कार्डावर १४ आठवड्यांच्या रांगेत पेन्सिलीने १२/१२ आणि शेजारी शाईने १९/१२ आहे. लस शाईच्या दिवशी झाली, एक आठवडा उशिरा. घाईत भाषांतर करणारा पहिली दिसेल ती तारीख उचलतो. आणि आकडे मराठीत असतील तर १ आणि ९ कडे दोनदा बघा. पाय आखूड पडलेला ९ आणि गाठ मोठी झालेला १ यांत सिस्टरच्या अक्षरात काडीचा फरक नसतो. मी अशा वेळी आधीच्या आणि नंतरच्या डोसांच्या तारखा बघते, आणि तरीही खात्री होत नसेल तर "अस्पष्ट" असं लिहून मोकळी होते. अंदाजाने आकडा घालत नाही.

आता तुमची कावीळ. हा शब्द माझ्या चांगलाच लक्षात राहिलाय, कारण मी स्वतः त्यात एकदा आपटले आहे. मी या कामात नवी असताना एका दवाखान्याच्या चिठ्ठीवर "कावीळ लस" असं होतं. मी बेधडक हिपॅटायटिस बी लिहून टाकलं, कारण तेव्हा माझ्या डोक्यात काविळीची लस म्हणजे तीच. निघाली हिपॅटायटिस ए ची. त्या मुलाच्या आईला परदेशातून फोन करून दवाखान्याकडून नवं पत्र मागवावं लागलं आणि माझी मान खाली गेली. कावीळ हे लक्षणाचं नाव आहे, डोळे पिवळे होण्याचं. ए वेगळी, बी वेगळी, लसी वेगळ्या, आणि शाळेच्या तक्त्यातल्या जागाही वेगळ्या.

तुमच्या आईच्या वहीतल्या दोन नोंदी ऑक्टोबर २०२० आणि एप्रिल २०२१ च्या आहेत, म्हणजे वाढदिवसानंतर, सहा महिन्यांच्या अंतराने. हा नमुना हिपॅटायटिस ए चा दिसतो. पण दिसतो म्हणून लिहायचं नाही. वही हा घरचा कागद, त्याचं भाषांतर करून उपयोगही नाही. बालरोगतज्ज्ञांच्या दवाखान्यात जाऊन त्या दोन तारखांना काय टोचलं ते विचारा. बऱ्याच दवाखान्यांत लशीच्या कुपीवरचं छोटं लेबल सोलून फाइलमध्ये चिकटवलेलं असतं. त्यावर लशीचं पूर्ण नाव, कंपनी आणि बॅच क्रमांक असतो. तशी लेबलं असली तर त्यांचे जवळून स्पष्ट फोटो काढा. डॉक्टरांचं अक्षर लावण्यापेक्षा ते लेबल वाचणं लाखपट बरं.

हे विचारायलाच हवं याला आणखी एक कारण आहे, आणि ते पेंटाशी जोडलेलं आहे. आपल्या कार्डावर पेंटा-१, २, ३ असं असतं. सुई एक, पण आत पाच लसी: घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, हिपॅटायटिस बी आणि हिब. अमेरिकन शाळेच्या तक्त्यात "पेंटा" नावाची रांगच नसते, तिथे रोगवार रांगा असतात. भाषांतर करणाऱ्याने नुसतं पेंटा लिहिलं तर नर्सने ते कुठे भरायचं? म्हणून नावापुढे पाची घटक लिहायचे, आणि त्यातला डांग्या खोकल्याचा भाग पूर्णपेशीचा आहे हेही. जुन्या कार्डांवर "त्रिगुणी" असतं ते म्हणजे डीपीटी, आणि "द्विगुणी" म्हणजे डीटी, डांग्या खोकल्याविना. त्रिगुणीचं शब्दशः भाषांतर करून "तीन गुणांची लस" असं लिहिलेला एक कागद मी पाहिलाय. हसावं की रडावं कळेना.

तर पेंटा फोडल्यावर मुलीच्या हिपॅटायटिस बी चे किती डोस होतात? जन्मावेळचा एक आणि पेंटातले तीन, एकूण चार. भरपूर वाटतात. पण अमेरिकन वेळापत्रकात या लशीचा शेवटचा डोस वयाच्या २४ आठवड्यांआधी चालत नाही. तुमच्या मुलीचे २४ आठवडे २० फेब्रुवारी २०२० ला पूर्ण झाले, आणि शेवटचा पेंटा १९ डिसेंबर २०१९ चा. म्हणजे चार असूनही एक कमी, असं तिथला डॉक्टर म्हणू शकतो. वहीतल्या "काविळी"पैकी एक जरी बी निघाली तरी प्रश्न सुटतो. दोन्ही ए निघाल्या तर निघण्याआधी इथेच हिपॅटायटिस बी चा एक डोस द्यावा का, ते आपल्या बालरोगतज्ज्ञांना विचारा. दिला, तर त्याच भेटीत फाइलवर तारीख, नाव, सही, शिक्का.

डीपीटीची काळजी नको. पेंटाचे तीन, मार्च २०२१ चा पहिला बूस्टर आणि पाच वर्षं पूर्ण झाल्यावरचा दुसरा, असे पाच होतात, आणि शेवटचा चौथ्या वाढदिवसानंतरचा आहे. तो दुसरा बूस्टर मात्र कार्डाच्या मागच्या पानावर, शिक्क्याखाली दबलेला आहे. फोटो काढताना ते पान राहू देऊ नका.

पोलिओचं प्रकरण मात्र खरंच अडेल आणि ते भाषांतराने सुटणारं नाही. कार्डावर तोंडावाटे दिलेल्या थेंबांचे पाच डोस आहेत, जन्मावेळचा धरून, आणि शिवाय पल्स पोलिओच्या रविवारी बोटाला शाई लावून घेतलेले कितीतरी. पालकांना वाटतं, आमच्या पोरीएवढे पोलिओचे डोस त्यांच्या अख्ख्या वर्गात कुणाचे नसतील. खरंय. पण भारतात २५ एप्रिल २०१६ पासून थेंबांतली लस बदलली. आधी ती पोलिओच्या तिन्ही प्रकारांवर चालायची, आता दोन प्रकारांवर चालते, दुसरा प्रकार तिच्यात नाही. अमेरिकेत तिन्ही प्रकारांपासून संरक्षण मागतात, म्हणून एप्रिल २०१६ नंतरचे थेंब तिथे मोजत नाहीत. तुमची मुलगी २०१९ ची, म्हणजे थेंबांचा एकही डोस मोजणीत येत नाही.

उरतात कार्डावरचे दोन "एफआयपीव्ही". हे इंजेक्शन आहे, पण त्यातलं "एफ" फार महत्त्वाचं. तो अंशात्मक डोस असतो, ०.१ मिलिलिटर, दंडाच्या कातडीत दिलेला. पूर्ण डोस ०.५ मिलिलिटरचा असतो. भाषांतरात "एफ" गळलं की कागदावर अंशाचा पूर्ण डोस होतो, आणि हे मी चांगल्या चांगल्यांच्या हातून झालेलं पाहिलंय, कारण टाइप करणाऱ्याला ते चुकून पडलेलं अक्षर वाटतं. ते दोन्ही वयाच्या पहिल्या चार महिन्यांतले आहेत. न्यू जर्सीला पोलिओचे तीन डोस लागतात आणि त्यातला एक चौथ्या वाढदिवसानंतरचा. नाहीतर कुठल्याही वयातले चार. कसंही मोजा, तुमच्या मुलीला आणखी डोस लागणारच. बालरोगतज्ज्ञांकडे इंजेक्शनच्या पोलिओ लशीचा पूर्ण डोस मिळत असेल तर निघण्याआधी एक घेण्याबद्दल त्यांच्याशी बोला. उरलेले तिथे पूर्ण करता येतात. डोस सुरू केलेले असले तर शाळा तात्पुरता प्रवेश देते, आणि पाच वर्षांवरच्या मुलाला उरलेले डोस पुरे करायला वर्षभराची मुदत असते. म्हणजे दार बंद होत नाही. पण हे आधीच माहीत असलेलं बरं, नाहीतर शाळेच्या पहिल्याच दिवशी "पोलिओ अपूर्ण" ऐकून तुम्ही भाषांतर करणाऱ्याला शिव्या घालाल.

पल्स पोलिओचे डोस आठवणीने लिहायचे का, असं तुम्ही विचारलं नाहीत, पण बाकीचे सगळे विचारतात. नाही. कार्डावर नाही ते भाषांतरात नाही.

कांजिण्यांची नोंद मला दोन्हीकडे कुठेच दिसली नाही. सरकारी कार्यक्रमात ही लस नसते, त्यामुळे खाजगी फाइलमध्ये नसेल तर बहुधा दिलेलीच नाही. न्यू जर्सीला पहिल्या वाढदिवसानंतरचा एक डोस लागतो. मुलीला कांजिण्या येऊन गेल्या असतील तर बालरोगतज्ज्ञांकडून महिना-वर्षासह तसं पत्र घ्या. आणि आजीला विचारताना जपून. आपल्याकडच्या म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी "देवी आल्या होत्या" असं सहज येतं आणि त्यांच्या मनात कांजिण्या असतात. एका भाषांतरात देवी शब्दशः उतरल्या होत्या. जगातून १९८० सालीच हद्दपार झाल्याचं जाहीर झालेला रोग पाच वर्षांच्या पोराला झाला म्हणून कागदावर!

बीसीजीला शाळेच्या तक्त्यात जागा नाही म्हणून ती ओळ गाळू नका. भारतातून आलेल्या मुलाची क्षयरोगाची तपासणी तिकडे मागितली जाऊ शकते. कातडीत टोचून करायची मांटू चाचणी बीसीजीमुळे खोटी सकारात्मक येऊ शकते. रक्तावरच्या चाचणीवर बीसीजीचा परिणाम होत नाही. नर्सला बीसीजीची तारीख समोर दिसली तर ती तुम्हाला रक्ताच्या चाचणीकडे वळवेल. व्हिटॅमिन ए चे डोसही कार्डावर आहेत, तेही उतरवायचे, पण लसींखाली नाही, वेगळ्या शीर्षकाखाली.

आता भाषांतर कोणी करायचं. तुमचं इंग्रजी पत्रावरून उत्तम दिसतं, आणि खाजगी फाइल मुळातच इंग्रजीत आहे, म्हणजे भाषांतर फक्त कार्डाचं, जेमतेम दीड पान. पण आईने स्वतःच्या मुलीच्या कागदाचं केलेलं भाषांतर शाळा नाकारू शकते, आणि तो धोका दीड पानासाठी घेऊ नये. अमेरिकेत जर्मनीसारखे न्यायालयाकडून शपथ घेतलेले भाषांतरकार लागत नाहीत. तिथे भाषांतराखाली भाषांतर करणाऱ्याचं निवेदन चालतं: मला मराठी आणि इंग्रजी दोन्ही भाषा येतात, हे भाषांतर माझ्या माहितीप्रमाणे पूर्ण आणि अचूक आहे, खाली नाव, पत्ता, सही, तारीख. नोटरी लागते का, ते शाळेला ईमेलने विचारा. बऱ्याचदा लागत नाही आणि लोक उगाच स्टॅम्प पेपरवर पैसे घालवतात.

भाषांतर हातात आलं की ते कार्डाशेजारी ठेवून एकदा उलट्या दिशेने तपासा. म्हणजे इंग्रजीतली प्रत्येक ओळ घ्या आणि ती कार्डावर कुठे आहे ते बोट ठेवून दाखवा. बोट ठेवायला जागा सापडली नाही, तर ती ओळ कोणीतरी मनाने घातलीय. मग कार्डाकडून इंग्रजीकडे या, म्हणजे गळलेलं सापडेल. शिक्केसुद्धा भाषांतरात यायला हवेत: "गोल शिक्का, वैद्यकीय अधिकारी, प्राथमिक आरोग्य केंद्र, अमुक". सही असेल तिथे "सही", वाचता येत नसेल तिथे "अस्पष्ट". ही उलटतपासणी तुम्ही आणि नवरा दोघं मिळून बसलात तर अर्ध्या तासात होते. एकाने वाचायचं, दुसऱ्याने बोट ठेवायचं.

शाळेचा जो छापील फॉर्म आलाय तो तुम्ही भरू नका आणि भाषांतरकारालाही भरायला लावू नका. तो तिथल्या डॉक्टरचा किंवा नर्सचा. कुठला डोस धरायचा आणि कुठला नाही, हे ठरवणं त्यांचं काम. म्हणूनच नऊ महिन्यांचा गोवर-रुबेला डोस "तसाही धरत नाहीत" म्हणून गाळायचा नाही. आहे तसा जाऊ दे. परदेशातून येणाऱ्या मुलांना जुन्या नोंदी मिळवायला न्यू जर्सीत तीस दिवसांची सवलत मिळू शकते, पण तीस दिवसांत माहेरच्या उपकेंद्रातून पत्र आणवणं समुद्रापलीकडून किती अवघड जातं ते तुम्हीच बघा. ते इथूनच घेऊन जा.

क्रम असा लावा. या आठवड्यात आरोग्य केंद्राचं पत्र आणि दवाखान्यात कावीळ कुठली ते. मग बालरोगतज्ज्ञांशी पोलिओ, हिपॅटायटिस बी आणि कांजिण्यांबद्दल एकदाच सविस्तर बोलणं, म्हणजे जे द्यायचं ते जुलैत होऊन जाईल. सगळे नवे डोस फाइलवर आल्यावरच भाषांतर करून घ्या, नाहीतर ते दोनदा करावं लागेल. मूळ कार्ड, फाइल, जन्मदाखला आणि भाषांतर हातातल्या बॅगेत, चेक-इनच्या सामानात नाही. आणि कार्ड लॅमिनेट करू नका. पेन्सिलीच्या आणि फिकट शाईच्या नोंदी प्लॅस्टिकच्या चकाकीखाली फोटोत दिसत नाहीत, आणि पुढे कधी आरोग्य केंद्रातल्या सिस्टरना त्यावर काही लिहून सही करायची झाली तर पेन उमटत नाही.